दोन बाजू, तीन कोपरे

गणित शिकवणाऱ्या माणसाला एखादं सूत्र पाठ असतं, पण ते तसं का आहे हे ठाऊक नसतं. असं होऊ शकतं आणि ते बराच काळ लपूनही राहतं. माझं राहिलं. मुरबाडहून धसईकडे आणि तिथून आत आमच्या आश्रमशाळेकडे मी इतकी वर्षं मोटारसायकलवर ये-जा केली, आठवीच्या वर्गात दरवर्षी बहुभुजाकृतीचं पान उघडलं, फळ्यावर दोन ओळी लिहिल्या आणि खाली जाड रेघ मारली. आंतरकोनांची बेरीज म्हणजे बाजूंच्या संख्येतून दोन वजा करून एकशे ऐंशीनं गुणायचं. कर्णांची संख्या म्हणजे बाजूंच्या संख्येतून तीन वजा करून पुन्हा बाजूंच्या संख्येनं गुणायचं आणि निम्मं करायचं. लिहा दहा वेळा. मुलं लिहायची. मी खिडकीतून डोंगराकडे बघत उभा राहायचो.

कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय केलं असतं तेही मला ठाऊक आहे. आवाज चढवला असता.

ती पोरगी जूनमध्ये शाळेत आली तेव्हा तिच्या हाताच्या बोटांना चिरा होत्या. आईबापाबरोबर दिवाळीनंतर शहापूरकडच्या वीटभट्टीवर गेलेली, ती भट्टी बंद झाल्यावरच परत आली. आमच्या शाळेला हे नवं नाही. अर्धी वाडी जाते. तिची वार्षिक परीक्षा बुडाली होती आणि आठवीची पुनर्परीक्षा जूनच्या शेवटी होती. त्यात पास झाली तर नववी, नाही तर पुन्हा आठवी. पुन्हा आठवी म्हणजे काय हे तिच्या बापानं शाळेच्या पायरीवर बसून मला सरळ सांगितलं. "त्याच वर्गात बसायचं असंल तर मंग बसायचंच कशाला, सर? भट्टीवर हात लागतोय तिचा. दिवाळीपासनं कायमची नेतो." तो रागावून बोलत नव्हता. त्याचा हिशेब त्याच्यापुरता ठरलेला होता.

आकडेमोडीत ती चांगली होती. अडचण होती भूमितीची, कारण भूमिती शिकवली तेव्हा ती विटा उलटवत होती. भूमितीचे गुण पडले तरच ती पार होणार होती.

मुख्याध्यापिका मॅडमनी मला कार्यालयात बोलावलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "सर, पेपर आपणच काढायचा, आपणच तपासायचा. देऊन टाका. पोरगी वाचेल." त्या वाईट बाई नाहीत. मी याआधी असे गुण दिलेले त्यांना माहीत होतं, म्हणून तर त्या इतक्या सहज बोलल्या. खरं होतं ते. मी दिले होते. आणि अशी नववीत ढकललेली पोरं शेवटच्या बाकावर बसून फळ्याकडे कशी बघतात, तेही मी पाहिलं होतं. पुढं दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांची जागा रिकामी व्हायची. मी हजेरीत गैरहजर लिहायचो आणि पुढच्या नावाकडे जायचो.

मी मॅडमना म्हटलं, शिकवून बघतो. त्या हसल्या. चांगलं आहे, म्हणाल्या.

पहिल्या दिवशी मी तिला दोन्ही सूत्रं सांगितली आणि पाठ करायला लावली. दुसऱ्या दिवशी विचारलं तर तिनं कोनांच्या बेरजेत तीन वजा केले आणि कर्णांत दोन. मी दुरुस्त केलं. संध्याकाळी पुन्हा विचारलं, पुन्हा उलटसुलट. मी जरा कडक झालो. ती वहीकडे बघत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "सर, तिथं दोन नि इथं तीन, हे कोनी ठरवलं?"

"ठरवलेलं नसतं, तसंच असतं ते."

"मंग तसं का असतं?"

आवाज चढवायची ती वेळ होती. घसा तयारही झाला होता. पण तिच्या चिरलेल्या बोटांत पेन होतं आणि तिला खरोखर हवं होतं ते. उलट उत्तर देण्यासाठी तिनं विचारलं नव्हतं. तिला एक खुंटी हवी होती. सूत्र तिच्या डोक्यात टांगायला खुंटीच नव्हती, म्हणून ते पडत होतं. आणि ती खुंटी माझ्याकडेही नव्हती.

"उद्या सांगतो," मी म्हणालो.

घरी आल्यावर मी बायकोला जेवणाचं थांबायला सांगितलं आणि स्वयंपाकघरातल्या ओट्याशी कागद घेऊन बसलो. ती भाकरी थापत होती. काय करताय म्हणाली. मी म्हटलं, उद्याची तयारी. तिला आश्चर्य वाटलं असणार, कारण मी तयारी करताना तिनं मला कधी पाहिलेलं नव्हतं.

मी षटकोन काढला. एक कोपरा धरला आणि तिथून जिथं जिथं कर्ण जातील तिथं रेघा ओढल्या. तीन रेघा आल्या, चार त्रिकोण झाले. एवढं मला येत होतं, प्रत्येक मार्गदर्शकात ते चित्र असतं. चार त्रिकोण, प्रत्येकाचे एकशे ऐंशी, सातशे वीस. पण षटकोनाला चार आणि सप्तकोनाला पाच का, दरवेळी दोननं कमी का, हे चित्र सांगत नव्हतं. निदान मला सांगत नव्हतं. मी सप्तकोन काढला, अष्टकोन काढला. नुसते मोजत बसलो. मोजून येत होतं बरोबर, पण मोजणं म्हणजे कारण नव्हे. शंभर बाजू असल्या तर कोण मोजणार?

भाकऱ्या झाल्या. बायकोनं ताट वाढलं. मी जेवलो, हात धुतला आणि परत बसलो. सोडायचं नाही, असं मनाशी म्हटलं. एखाद्या गोष्टीसाठी असं मी शेवटचं कधी म्हटलं होतं ते आठवत नाही.

मग मी कोपऱ्याकडे बघायचं सोडून बाजूंकडे बघितलं. त्या एका कोपऱ्यातून रेघा सुटतात, त्यांचा पंखा होतो. प्रत्येक त्रिकोणाचं टोक त्याच कोपऱ्यात असतं. मग त्याचा पाया कुठं? समोरच्या बाजूवर. प्रत्येक बाजू एका त्रिकोणाचा पाया होते. फक्त दोन बाजू होत नाहीत, ज्या त्या कोपऱ्यालाच चिकटलेल्या आहेत. दोनच. बाजू सहा असोत की साठ, एका कोपऱ्याला चिकटलेल्या बाजू दोनच असणार. म्हणून दोन वजा.

आणि कर्णाचे तीन? कर्ण कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे जातो. आपल्या कोपऱ्यातून आपल्यालाच जाता येत नाही, एक गेला. शेजारच्या दोन कोपऱ्यांकडे गेलं तर ती बाजू होते, कर्ण होत नाही. आणखी दोन गेले. कोपरे तीन गेले. म्हणून तीन वजा.

तिथं बाजू मोजायच्या होत्या, इथं कोपरे. दोन बाजू, तीन कोपरे. एवढंच होतं. मी कागद उपडा ठेवला आणि ओट्याशी नुसता बसून राहिलो. आनंद झाला असं लिहिलं तर खोटं होईल. ज्या ज्या वर्गांना मी हे दहा वेळा लिहायला लावलं होतं, ते वर्ग मला आठवत होते.

दुसऱ्या दिवशी मैदानात चिखल होता, म्हणून जेवणाच्या पडवीत गेलो. वसतिगृहावर लवकर आलेली सहावी-सातवीची चार पोरं होती, त्यांना आणि तिला गोल उभं केलं. पाच जण झाले. मला सहावा हवा होता. स्वयंपाकाच्या मावशी डाळ निवडत बसल्या होत्या, त्यांना म्हटलं, या.

"मी नाय बाबा. माझी डाळ करपली तर तुमी खानार का?"

"करपायला ती चुलीवर पायजे ना, मावशी," एक पोरगा म्हणाला.

मावशी सूप बाजूला ठेवून उठल्या आणि त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या. शेजारच्या-शेजारच्यांनी हात धरायचे, ती बाजू. मग धान्याच्या पोत्याची सुतळी घेतली आणि तिला म्हटलं, तुझ्यापासून सुरू कर. हात धरलेले दोघे सोड, बाकीच्यांना सुतळी दे. तिनं तीन सुतळ्या दिल्या. मी म्हटलं, आता तुला कोण मिळालं नाही ते सांग.

"मी, हा नि ही."

"किती?"

"तीन." ती थांबली. मग हातातल्या सुतळ्यांकडे बघितलं आणि पायाखालच्या फरशीवर सुतळ्यांमध्ये तयार झालेले त्रिकोण बघितले. मी बाजूंचं सांगितलं. तुझ्या दोन हातांच्या बाजू सोड, उरलेल्या प्रत्येक हातधरणीवर एक त्रिकोण उभा आहे का बघ. तिनं बोटानं दाखवत मोजलं. मग म्हणाली, "म्हंजी हात दोन असत्यात म्हनून दोन." मला हे सुचलं नव्हतं. माझं बाजूंचं वाक्य लांबलचक होतं, तिचं हातांचं सोपं होतं. मी तिचंच ठेवलं.

"मग सगळ्या कोनांची बेरीज एवढी का?" मी विचारलं. हे मी मुद्दाम विचारलं, कारण त्रिकोणांची बेरीज आकृतीच्या कोनांचीच बेरीज कशी, हे मुलं गिळून टाकतात. तिनं विचार केला. त्रिकोणांचे सगळे कोपरे कुणा ना कुणाच्या पायाशीच आहेत, मध्ये कुठंच नाहीत, असं तिनं सांगितलं. बरोबर होतं. मग मी सातवीच्या एका पोराकडचं दप्तर मध्ये फरशीवर ठेवलं आणि म्हटलं, आता कोपऱ्यातून नको, या दप्तरापासून प्रत्येकाला सुतळी. सहा सुतळ्या, सहा त्रिकोण. सहा गुणिले एकशे ऐंशी. हे तर जास्त आलं.

ती बराच वेळ बघत राहिली. मावशींचे हात भरून आले, त्या कुरकुरायला लागल्या. मग तिनं दप्तराकडे बोट केलं. "इथले कोन कुनाच्याच पायाशी नायत. ते आपले नायत." दप्तराभोवतीचे कोन मिळून तीनशे साठ. ते काढून टाकले की पुन्हा सातशे वीस. कितीही जण उभे असले तरी दप्तराभोवतीचा फेरा तीनशे साठचाच. दोन वाटांनी एकाच जागी आलो होतो, आणि तीनशे साठ म्हणजे दोन एकशे ऐंशी, हे तिनंच बोलता बोलता जोडलं.

कर्णांच्या वेळी गोंधळ झाला. मी सगळ्यांना सगळ्या सुतळ्या बांधायला लावल्या आणि प्रत्येकाला विचारलं, तुझ्या हातात किती. प्रत्येक जण म्हणाला, तीन. सहा त्रिक अठरा. पण सुतळीचे तुकडे अठरा नव्हते. एका पोरानं दुसऱ्यावर आळ घेतला की यानं माझ्या मोजल्या. तो म्हणाला, माझ्याच आहेत त्या, माझ्या हातात टोक आहे. मावशी म्हणाल्या, "भांडू नका रे, दोघांची आहे ती."

ती म्हणाली, "भट्टीवर आमचं जोडीनं मोजत्यात. मानसं दोन, जोडी एक." मग निम्मं केलं, नऊ. पण तिला तेवढ्यावर समाधान नव्हतं. तिनं सुतळ्या सोडायला लावल्या आणि पुन्हा एकेकापासून बांधत गेली, जी आधी बांधली ती पुन्हा नाही. तिच्या तीन, पुढच्या मुलीच्या तीन, तिच्या पुढच्याच्या दोन नव्या, मग एक, मग शेवटच्या दोघांना काहीच नवं नाही. तीन, तीन, दोन, एक. नऊ. हा मार्ग कुठल्याही मार्गदर्शकात मी वाचला नव्हता. कदाचित असेलही, मी वाचला नसेन.

मग एका पोरानं गंमत म्हणून दोन पावलं आत टाकली. आकृतीला खाच पडली आणि त्याच्या शेजारच्या दोघांमधली सुतळी आकृतीच्या बाहेरून जायला लागली. ती माझ्याकडे वळली. "आता?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

सरांच्या तोंडून हे वाक्य पोरांनी ऐकलेलं नव्हतं. मीही नव्हतं. मावशींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू माझी तब्येत बिघडली असावी.

"बघू या," मी म्हणालो. आम्ही सुतळ्या काढल्या. तिच्या कोपऱ्यातून पंखा केला तर एक सुतळी बाहेर पडत होती. मग तिनं आत आलेल्या पोरालाच टोक दिलं आणि त्याच्यापासून पंखा केला. तो सगळ्यांना आतूनच दिसत होता. चार त्रिकोण. बेरीज तीच. सगळे कर्ण बांधले तर काही बाहेरून जात होते, पण संख्या तीच होती, कारण कोण कुणाला जोडला आहे हे बदललेलं नव्हतं. दोघंतिघं आत आले तर काय, हे आम्ही त्या दिवशी सोडवलं नाही. सोडवलं नाही, असंच तिला सांगितलं.

पेपर मी काढला तो सोपा काढला नाही. गुण द्यायचे नव्हते, मग सोपा कशाला काढायचा, असं स्वतःला विचारलं. ती नापास झाली तर ते माझ्यामुळे. मॅडमनी पेपर बघितला आणि एवढंच म्हणाल्या, "सर, तुमची जबाबदारी." भूमितीचा प्रश्न असा होता: बारा बाजूंच्या आकृतीच्या कोनांची बेरीज आणि कर्णांची संख्या काढा, आणि बाजू कितीही असल्या तरी तुमची रीत का चालते ते लिहा.

पुनर्परीक्षेला तिच्याबरोबर आणखी दोन मुलं बसायची होती. ती आलीच नाहीत. वर्गात ती एकटी आणि मी. कोनांची बेरीज तिनं झटपट काढली. मी मागून फेरी मारताना दिसलं, दहा गुणिले एकशे ऐंशी, अठराशे. खाली एका कोपऱ्याचे दोन हात काढलेले. मी पुढं गेलो. पुन्हा फेरी मारली तेव्हा कर्णांसमोर एकशे आठ लिहिलेलं होतं.

बारा नव्वे एकशे आठ. निम्मं करायचं राहिलं होतं.

मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. खोकलो असतो तरी तिनं वर बघितलं असतं, आणि माझ्या चेहऱ्यावरून तिला कळलं असतं. इतकी वर्षं मी कुणाच्याही पेपरात एक आकडा फिरवताना दोनदा विचार केला नव्हता, आणि आता खोकला आवरणं मला जड जात होतं. मी डोंगराकडे पाठ केली. तिच्याकडे बघायचं नाही, पण तिला माझी पाठही दिसू द्यायची नाही, अशा कोनात उभा राहिलो.

पेन्सिलीचा आवाज यायला लागला. बराच वेळ. पेपर हातात आला तेव्हा समासात उभी रांग होती: नऊ, नऊ, आठ, सात, सहा, पाच, चार, तीन, दोन, एक. खाली चोपन्न. एकशे आठवर काट मारलेली. आणि कारणाच्या जागी लिहिलेलं, "प्रत्येक कोपऱ्यापासून तीन कोपरे सोडून कर्ण जातात, म्हणून बाजूंच्या संख्येतून तीन वजा. सगळ्या कोपऱ्यांचे मोजले की प्रत्येक कर्ण दोनदा येतो कारण त्याला दोन टोकं असतात, म्हणून निम्मे. मी आधी विसरले होते."

शेवटचं वाक्य उत्तरात लिहायची गरज नव्हती. मी त्याला लाल शाई लावली नाही. गुण मोजले, पुन्हा मोजले, मॅडमना मोजायला दिले. ती पास होती, काठावर, पण स्वतःच्या गुणांवर.

बापाला मी निरोप पाठवला. तो आला, पायरीवर बसला, ऐकलं. आनंद दिसला नाही. "म्हंजी दिवाळीला ती नाय येनार."

"नाही."

"मंग धाकटीला न्यावी लागंल."

एवढं सगळं करून मी एका पोरीच्या जागी दुसरीला उभं केलं होतं की काय, असं वाटलं. ती दारात उभी होती. तिनं ऐकलं. बापाला म्हणाली, धाकटी सहावीत आहे, तीही राहील, मी शिकवते तिला. बाप माझ्याकडे बघून हसला, त्या हसण्यात टोचणी होती. "दोघी शाळंत. मंग विटा कोन पाडनार, सर? तुमी?"

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसलो. त्याच्या जोडीचं काम दोघांत किती होतं, तिसरा हात नसला तर किती कमी पडतं, हे त्याला विचारलं आणि त्यानं सांगितलं ते पूर्ण ऐकलं. ते माझ्या गणितात बसणारं नव्हतं. मग मी एवढंच म्हटलं की धाकटीला वसतिगृहावर ठेवा, दिवाळीच्या आधी मी स्वतः वाडीवर येतो, नेऊ देणार नाही. धमकी दिल्यासारखं झालं. त्याला तसंच वाटलं असावं.

"या की," तो उठत म्हणाला. "चहा पाजीन. देईन का नाय ते तवा बघू."

धाकटीचा गणिताचा तास माझ्याकडे नव्हता. मी मॅडमना सांगून सहावीचा तास मागून घेतला. त्यांनी कारण विचारलं तेव्हा मी सांगितलं, सगळं, सूत्र मला कळत नव्हतं इथपासून. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि ऐकत राहिल्या.